वक्त्याचा परिचय

सभेचा एक प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मुख्य वक्ते व्यासपीठावर येऊन बसलेले असतात, त्यांच्यापुढें पाण्याचा पेला झांकून ठेवलेला असतो, आणि ते बोलावयास उठण्यापूर्वीं दुसराच एक गृहस्थ उठतो. त्याच्या हातांत एक कागद असतो. तो वक्त्यांचा परिचय करून देणार असतो. श्रोते त्या वेळीं खुर्च्या सरकवितात, मागें वळून कोण कोण आलें तें पाहतात, आणि हा कागद केव्हां संपतो याची वाट पाहतात. गेलीं तीसएक वर्षें तो कागद घेऊन उठणारा गृहस्थ मी आहें. मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों, अक्षर बरें होतें, आवाज मोठा होता, म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गांवच्या व्याख्यानमालेपर्यंत हें काम माझ्याकडे आलें. आतां साठी उलटली आहे. या कामांत माझ्या हातून एक मोठी चूक घडली. तिच्यामुळेंच मी हें काम शिकलों, म्हणून तिच्याच आधारानें आज बोलणार आहें.

आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा मोठी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ सालीं सुरू केली, तेव्हांपासून गांवोगांव अशा माला निघाल्या. सभेचा क्रमही ठरून गेला: स्वागत, प्रास्ताविक, परिचय, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि आभार. हल्लीं दोन-तीन दिवसांचे परिसंवाद भरतात, आणि त्यांत पहिलें जें मुख्य भाषण असतें त्याला बीजभाषण म्हणतात. नांव समर्पक आहे. पुढच्या साऱ्या चर्चेचें बीज त्या भाषणांत पेरावयाचें असतें. मात्र बीज पेरणारा वक्ता असतो. परिचय करून देणाराचें काम जमीन नांगरून देण्याचें. त्यानेंच मूठभर बीं उधळून दिलें, तर वक्त्यानें काय पेरावें?

माझ्या हातून नेमकें हेंच घडलें. गोष्ट २०११ सालची. पानशेतच्या पुराला त्या वर्षीं पन्नास वर्षें पूर्ण होत होतीं, आणि त्या निमित्तानें भरलेल्या एका लहानशा परिसंवादांत बीजभाषणासाठीं एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना बोलाविलें होतें. ते मूळचे पुण्याचे. पुराच्या वेळीं ते अकरा वर्षांचे होते. निवृत्तीनंतर त्यांनीं एक छंद घेतला होता: मोजपट्टी आणि वही घेऊन नदीकांठच्या पेठांतील जुन्या वाड्यांतून हिंडावयाचें, आणि जेथें जेथें पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर राहिली असेल किंवा घरच्या माणसांच्या लक्षांत असेल, तेथें तिची उंची मोजून लिहून ठेवावयाची. भाषणाचें नांव होतें 'भिंतीवरची खूण'.

मीं त्यांना पत्र लिहून भाषणाचा सारांश मागविला. त्यांनीं भाबडेपणानें दोन पानें लिहून पाठविलीं. तीं वाचून मी हरखून गेलों. शेवटीं त्यांनीं आपल्याच घराची हकीकत लिहिली होती. त्यांच्या घरीं दारालगतच्या भिंतीवर त्यांची आई दर वाढदिवसाला मुलांना उभें करून शिसपेन्सिलीनें त्यांच्या उंचीची रेघ ओढी. पूर ओसरल्यावर घर धुवून काढलें, तेव्हां त्या साऱ्या रेघांच्या वर पाण्याची एक रेघ उमटलेली दिसली. पुढें कित्येक दिवाळ्यांना घराला रंग दिला, पण तेवढा पट्टा आईनें रंगवूं दिला नाहीं. कां, असें विचारतां ती म्हणे, "या घरांत जें जें वाढलें, त्याची उंची या भिंतीवर आहे. पाणी एकच दिवस आलें, पण सर्वांहून उंच झालें. त्याचीही राहूं दे."

मीं ही सारी हकीकत माझ्या परिचयाच्या शेवटीं घातली. आदल्या रात्रीं घरीं वाचून दाखविली, तेव्हां आमच्या मंडळींनीं डोळ्यांना पदर लावला. मला धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशीं सभागृहांतही तसेंच झालें. मीं आईचें तें वाक्य सांवकाश उच्चारलें, सभेंतून एक हळहळ ऐकूं आली, कांहींनीं टाळ्या वाजविल्या, आणि मी खालीं बसलों.

मग वक्ते उठले. हातांतील कागदांपैकीं शेवटचा त्यांनीं काढला, घडी करून बाजूस ठेवला, आणि बोलावयास आरंभ केला. बोलले चांगलें, पण चाळीस मिनिटें ठरलीं होतीं तें भाषण पंचवीस मिनिटांत आटोपलें. शेवटाकडे त्यांचा हात एकदां कोटाच्या खिशांत गेला, क्षणभर तेथेंच राहिला, आणि रिकामाच बाहेर आला. "बाकीचें आपण ऐकलेंच आहे," एवढें म्हणून त्यांनीं नमस्कार केला. चहाच्या वेळीं मी त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं रागाचा एक शब्दही काढला नाहीं. म्हणाले, "गुरुजी, तुम्हीं फार चांगलें सांगितलें. मला इतकें चांगलें सांगतां आलें नसतें."

तें वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

घरीं गेल्यावर मीं माझाच कागद पुन्हां वाचला, आणि माझें चुकलें कोठें तें शोधूं लागलों. कागदांत दोन निराळ्या जातींच्या गोष्टी मिसळल्या होत्या. पहिली जात वक्त्याच्या अधिकाराची. ते चित्रकलेचे शिक्षक होते, पूर त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता, त्यांनीं घरोघर जाऊन मापें घेतलीं होतीं. या गोष्टी वक्ता स्वतः सांगूं शकत नाहीं. सांगितल्या तर आत्मस्तुति होते. त्या सांगण्याकरितांच दुसरा माणूस लागतो. दुसरी जात वक्त्याच्या ऐवजाची: त्याची गोष्ट, त्याचा आंकडा, त्याचा विनोद, त्याचा निष्कर्ष. या गोष्टी वक्त्यालाच सांगावयाच्या असतात. अधिकार सांगणें हें परिचय करून देणाराचें काम. ऐवजाला त्यानें हात लावूं नये. हा भेद एकदां ध्यानांत आला कीं अर्धें काम झालें.

उरलेलें अर्धें म्हणजे उत्सुकता. ऐवज सांगावयाचा नाहीं, तर श्रोत्यांना ओढ कशी लावावी? याचें उत्तर मला शाळेंत शिकलेल्या संस्कृत नाटकांत सांपडलें. 'शाकुंतला'ची प्रस्तावना आठवा. सूत्रधार आणि नटी येतात. नटी ग्रीष्माचें गाणें म्हणते. त्या गाण्यांत सूत्रधार इतका रंगून जातो कीं, आज नाटक कोणतें करावयाचें हेंच विसरतो. नटी आठवण करून देते, तेव्हां तो म्हणतो कीं, वेगानें पळणाऱ्या हरिणानें या दुष्यंत राजाला ओढून न्यावें तसें तुझ्या गाण्यानें मला ओढून नेलें. एवढें बोलून तो निघून जातो, आणि त्याच क्षणीं हरिणाचा पाठलाग करणारा राजा रंगभूमीवर येतो.

या चार ओळींत सूत्रधारानें किती राखून ठेवलें आहे तें पाहा. शापाविषयीं, अंगठीविषयीं, राजाच्या विस्मृतीविषयीं त्यानें अवाक्षर काढलेलें नाहीं. नाटकाच्या नांवांत ओळखीची सूचना आहे, पण ती ओळख कशी पटते हें नांवही सांगत नाहीं. सूत्रधार प्रेक्षकाला फक्त पहिल्या प्रवेशाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो, आणि त्याचा शेवटचा शब्द संपतो तेथें पात्राचा प्रवेश होतो. वक्त्याचा परिचयही असाच असावा. प्रश्न श्रोत्यांच्या हातीं द्यावा, उत्तर वक्त्याच्या हातीं राहूं द्यावें, आणि आपला शेवटचा शब्द वक्त्याचें नांव हाच असावा.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. त्या प्रसंगानंतर मीं सारांश मागविणें बंद केलें. व्याख्यानापूर्वीं पंधरा दिवस वक्त्यांना पत्र जातें, त्यांत चार प्रश्न असतात. पहिला: आपलें नांव व भाषणाचें नांव जसें उच्चारावें तसें कळवा. दुसरा: या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार ज्यांवरून कळेल अशा एक-दोन गोष्टी कोणत्या? तिसरा: श्रोत्यांना आधींच ठाऊक असली तर आपलें काम सोपें होईल अशी कांहीं माहिती आहे काय? चौथा: मीं उच्चारूं नये अशी गोष्ट, आंकडा किंवा वाक्य कोणतें?

या चौथ्या प्रश्नाचें मोल सर्वांत अधिक आहे. वक्ते त्याचें उत्तर आनंदानें देतात, कारण तें त्यांना पूर्वीं कोणी विचारलेलें नसतें. पुष्कळदां असें कळतें कीं, आपण सर्वांच्या माहितीची म्हणून निःशंकपणें सांगणार होतों ती गोष्टच वक्त्यानें आरंभाला योजलेली आहे. उत्तर आलें नाहीं, तर गोष्ट, आंकडा आणि निष्कर्ष हीं तिन्ही वर्ज्य समजावीं. मग चूक होण्यास फारशी जागा उरत नाहीं. या चौथ्या उत्तराची एक नक्कल मी अध्यक्षांना आणि प्रास्ताविक करणारालाही देतों. परिचय करणारानें हात आवरला, पण अध्यक्षांनींच आरंभीं दोन शब्द बोलण्याच्या भरांत तीच गोष्ट सांगून टाकली, तर वक्त्याचें नुकसान तेंच.

मग लिहावयास बसावें. चाळीस-पन्नास मिनिटांच्या भाषणाला दीड मिनिटाचा परिचय पुरे. सभेंत सांवकाश वाचतांना मिनिटाला शंभर-सव्वाशें शब्द होतात, म्हणजे कागदावर दीडशेंच्या आसपास शब्द असावे. वक्ता सर्वश्रुत असेल तर पन्नास शब्दही चालतात. जन्मगांव, पदव्या, भूषविलेलीं पदें, मिळालेलीं पारितोषिकें यांची यादी देऊं नये. आजच्या विषयाशीं ज्यांचा संबंध आहे तीं एक-दोनच घ्यावीं. आणि वक्त्याच्या वाणीची स्तुति मुळींच करूं नये. "हे आपणांस पोट दुखेपर्यंत हंसवितील" असें सांगितलें कीं श्रोते हाताची घडी घालून बसतात आणि हंसूं येण्याची वाट पाहतात. तें कर्ज आपण काढतों आणि फेडावें लागतें वक्त्याला.

तीन वर्षांनीं, २०१४ सालीं, शिक्षकांच्या एका मेळाव्यांत त्याच गृहस्थांचें तेंच भाषण ठेवण्याचा योग आला. मीं पत्र लिहून मागची क्षमा मागितली आणि चार प्रश्न विचारले. चौथ्याचें उत्तर दोन शब्दांचें आलें: "माझें घर." या वेळचा माझा परिचय जसाच्या तसा वाचून दाखवितों.

"१९६१ सालच्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें, आणि मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें. तें कां फुटलें याची चौकशी झाली, त्यावर पुष्कळ लिहिलें गेलें. पण तुमच्या घरांत पाणी किती आलें होतें, असें त्या वेळच्या कोणालाही विचारा. तो हात वर करतो आणि म्हणतो, 'एवढें.' हें 'एवढें' म्हणजे किती? एका शिक्षकांना हा प्रश्न स्वस्थ बसूं देईना. त्यांनीं तीस वर्षें मुलांना चित्रकला शिकविली, म्हणजे डोळ्यांनीं माप घ्यावयास शिकविलें. निवृत्त झाल्यावर मोजपट्टी आणि वही घेऊन ते नदीकांठच्या वाड्यांचीं दारें ठोठावीत निघाले. पूर आला त्या दिवशीं ते अकरा वर्षांचे होते. त्यांच्या वहींत काय आहे, हें मला ठाऊक आहे. पण तें मीं सांगावयाचें नाहीं. भाषणाचें नांव 'भिंतीवरची खूण'. वक्ते आहेत..."

यापुढें त्यांचें नांव होतें. त्यांची अनुमति घेतलेली नसल्यामुळें आज तें घेत नाहीं.

पाहा, पहिलीं वाक्यें सर्वांस ठाऊक असलेल्या गोष्टींचीं आहेत. तीं माहिती देण्याकरितां नाहींत; त्या सकाळीं श्रोत्यांना नेऊन उभें करण्याकरितां आहेत. तीं घेण्यापूर्वीं वक्त्यांच्या आरंभाशीं त्यांची टक्कर होत नाहीं ना, हें मीं विचारून घेतलें होतें. मग येतो तो प्रश्न. पुराच्या वेळच्या माणसाचा वर केलेला हात श्रोत्यांपैकीं अनेकांनीं पाहिलेला असतो, म्हणून तो प्रश्न त्यांना आपलाच वाटतो. मग अधिकार येतो. त्यांत चित्रकलेच्या शिक्षकाचा डोळा आणि अकरा वर्षांचें वय एवढेंच घेतलें. त्यांचें घर, त्यांची आई, वहींतलें एकही माप यांत नाहीं. एका वाक्याविषयीं मात्र मी आज साशंक आहें. वहींत काय आहे तें मला ठाऊक आहे, हें सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्यांत थोडा मीच डोकावतों. आज लिहिलें तर तें वाक्य गाळीन.

हाही परिचय मीं आदल्या रात्रीं घरीं वाचून दाखविला. या वेळीं आमच्या मंडळींनीं पदर डोळ्यांना लावला नाहीं. त्यांनीं विचारलें, "मग किती आलें होतें हो पाणी?" परिचयाची याहून खरी कसोटी मला माहीत नाहीं. ऐकणारा "अरेरे" म्हणाला किंवा "वाहवा" म्हणाला, तर समजावें कीं आपण वक्त्याच्या पेटींत हात घातला आहे. त्यानें "मग?" म्हणून विचारलें, तर कागद ठीक उतरला. लिहितांना आणखी एक खूण सांपडते. "ते आपणांस सांगणारच आहेत कीं" असें वाक्य लेखणींतून उतरलें, तर त्या 'कीं'च्या पुढचें सारें खोडावें. तें त्यांना सांगूं द्यावें.

दुसऱ्या दिवशीं भाषण पुरीं चाळीस मिनिटें चाललें. एकेका वाड्याची गोष्ट, एकेक माप, असें करीत ते शेवटीं स्वतःच्या घराशीं आले. भिंत सांगितली, पेन्सिलीच्या रेघा सांगितल्या. मग त्यांचा हात कोटाच्या खिशांत गेला, आणि या वेळीं तो रिकामा बाहेर आला नाहीं. त्यांत सुतळीची एक गुंडी होती. तिचें एक टोंक त्यांनीं पायाखालीं धरलें आणि ती उलगडीत हात वर नेऊं लागले. गुडघ्याशीं एक गांठ होती, म्हणाले, "ही धाकटी बहीण." त्यावर एक गांठ, "हा मी." मग आणखी वर, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, आणि सुतळी अजून संपली नव्हती. शेवटीं त्यांचा हात डोक्यावर वीतभर गेला तेव्हां ती ताठ झाली. तशीच ती धरून ते उभे राहिले, आणि मग आईचें तें वाक्य म्हणाले.

सभागृहांत कोणी टाळी वाजविली नाहीं. पुष्कळ वेळ कोणी हललेंही नाहीं.

मी खालीं मान घालून बसलों होतों. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या खिशांत ती सुतळी होती. दोन पानांच्या सारांशांत तिचा उल्लेख नव्हता, कारण ती लिहावयाची वस्तूच नव्हती. मीं त्यांचें एक वाक्य घेतलें असें समजत होतों, पण त्या वाक्याबरोबर काय गेलें हें मला ठाऊकही नव्हतें. वक्त्याचा ऐवज कागदावर दिसतो तेवढाच कधीं नसतो. त्याचा कांहीं भाग त्याच्या आवाजांत असतो, कांहीं त्याच्या थांबण्यांत असतो, आणि कांहीं त्याच्या खिशांतही असूं शकतो.

सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि ती सुतळी माझ्या हातांत देऊन म्हणाले, "गुरुजी, गुंडाळून द्या बरें. माझे हात थरथरतात." मीं ती गुंडाळून दिली.